धागा: गेटवर ब्रेथ ॲनालायझर पॉझिटिव्ह आला, आता कंपनीने नेमकं काय करायचं?

एचआर_चाकण

नमस्कार मंडळी. आमच्या प्रेस शॉपमधल्या एका क्रेन ऑपरेटरची पहिल्या पाळीला गेटवर तपासणी झाली. ६:४८ ला मशीनने ०.०४२ दाखवलं. त्याला बसवून ठेवलं आणि ७:०९ ला पुन्हा फुंकायला लावलं, तेव्हा ०.०३८ आलं. तो म्हणतो, "रात्री साडेअकराला शेवटचं घेतलं, सकाळी फक्त खोकल्यासाठी अरिष्ट घेतलंय." चौदा वर्षं सर्व्हिस, रेकॉर्ड स्वच्छ, कायम कामगार. त्याला क्रेनवर चढू दिलं नाही, रिक्षाने घरी पाठवलं. आता प्लांट हेडना आजच्या आज राजीनामा हवाय. पॉलिसीत "झिरो टॉलरन्स" असं लिहिलेलं आहे, पण पुढची पायरी लिहिलेली नाही. कामगारांच्या सेवाशर्तींचे आणि शिस्तीचे नियम, म्हणजे स्थायी आदेश, प्रमाणित आहेत. काय करावं?

गेट_सुपरवायझर

यात विचार करण्यासारखं काय आहे? कायद्यात मर्यादा ३० आहे. त्याचं ०.०४२ आलं, म्हणजे ३० च्या कितीतरी खाली. सोडून द्या. आमच्या गेटवर ३० च्या खाली आलेल्याला आत घेतात.

कारखाना_वैद्य

दादा, थांबा, इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. ३० हा आकडा १०० मिलिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅम अल्कोहोलचा आहे. मशीनवर ०.०४२ च्या शेजारी %BAC लिहिलं असेल, तर तो रक्तातल्या अल्कोहोलचा टक्का आहे. त्याला १००० ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे ४२. ते ३० च्या खाली नाही, वर आहे.

काही मशीन mg/L दाखवतात. तो आकडा श्वासाचा असतो, रक्ताचा नाही. श्वासाच्या आकड्याला २१०० ने गुणून रक्ताचा अंदाज काढतात, त्यामुळे रक्तातले ३० म्हणजे श्वासातले सुमारे ०.१४. एखाद्या गेटवर mg/L चं मशीन असेल आणि गार्ड "३० पर्यंत चालतं" म्हणून ०.२० वाल्याला आत सोडत असेल, तर तो खरं तर ४२ वाल्याला सोडतोय. तुमच्या स्क्रीनवर कुठलं एकक आहे, आज जाऊन बघा. भिंतीवरच्या बोर्डावरही तेच एकक लिहा.

गेट_सुपरवायझर

आत्ताच बघितलं. %BAC आहे. म्हणजे आम्ही इतके दिवस चुकीचं वाचत होतो. बोर्ड उद्या बदलून घेतो.

पण एक सांगा डॉक्टर, अरिष्टात अल्कोहोल असतंच ना? मग अरिष्टामुळे आलं नसेल कशावरून?

कारखाना_वैद्य

प्रश्न बरोबर आहे. आसव-अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १२ टक्के. तोंडात अरिष्ट, माउथवॉश किंवा कफ सिरपचा अंश असेल तर मशीन तोच मोजतं आणि आकडा खोटा चढतो. पण तोंडातलं अल्कोहोल १५ मिनिटांत उडून जातं. म्हणूनच दुसरी चाचणी किमान १५ मिनिटांनी घ्यायची असते. मधल्या वेळात काही खायचं-प्यायचं नाही, सिगरेट-तंबाखू नाही, आणि माणूस कुणाच्या तरी नजरेसमोर असायला हवा.

इथे मधे २१ मिनिटं गेली आणि आकडा ४२ वरून ३८ वर आला. तोंडातलं असतं तर शून्याजवळ आला असता. इतकी हळू घसरण शरीरातलं अल्कोहोल उतरताना दिसते. तो वेग साधारण ताशी १५ ते २० मिलिग्रॅम असतो, आणि मशीनची थोडी चूक धरली तर ४ चा फरक त्यात बसतो.

आता अरिष्टाचा हिशेब. समजा ३० मिलिलिटर घेतलं आणि ते १० टक्क्यांचं होतं. म्हणजे ३ मिलिलिटर अल्कोहोल, सुमारे २.४ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात त्याने जेमतेम ५ मिलिग्रॅम येईल. ३८ ची उत्तरं त्यातून मिळत नाहीत.

रात्रीचं मात्र पटतं. १८० मिलिलिटरची एक क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, त्याच ७० किलोच्या माणसाला साधारण १२५ ते १३० पर्यंत नेते. ताशी १५ ने उतरायला आठ-नऊ तास लागतात. त्याने क्वार्टरपेक्षा थोडी जास्त घेतली असेल, किंवा वजन कमी असेल, तर सकाळी पावणेसातला ४२ उरणं अगदी शक्य आहे. "सकाळी फक्त अरिष्ट घेतलं" हे त्याचं म्हणणं खरं असू शकतं. क्रेनसाठी मात्र त्याने काही फरक पडत नाही, अल्कोहोल अंगात होतंच. पण एक विनंती: या उलट्या हिशेबावरून "त्याने अमुक वाजता इतकी घेतली" असं चार्जशीटमध्ये लिहू नका. माणसागणिक वेग बदलतो, वकील ते पाच मिनिटांत उडवतात.

दर्यावर्दी_अलिबाग

मी पण असाच अडकलोय. जहाजावर चढण्याआधीच्या मेडिकलमध्ये लघवीची तपासणी झाली, ओपिएट पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरांनी दिलेलं कोडीनचं कफ सिरप घेत होतो. कंपनी काढू शकते का?

कारखाना_वैद्य

तुमचा विषय वेगळा आहे, पण थोडक्यात सांगतो. लघवीच्या पट्टीची तपासणी ही फक्त चाळणी असते. तेच नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीवर पक्के झाल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणणं चूक आहे. कोडीन घेतलं की ओपिएट येणारच, ते खरंच पॉझिटिव्ह असतं, पण त्याला वैध कारण आहे. प्रिस्क्रिप्शनची तारीख, बिल आणि औषधाचं नाव रिव्ह्यू करणाऱ्या डॉक्टरांना द्या आणि पक्की तपासणी लेखी मागा. अशा चाचणीआधीच चालू औषधांची यादी फॉर्मवर लिहून ठेवावी.

खसखशीनेही हे होतं. दिवाळीत अनारशांवर भरपूर खसखस असते. अमेरिकेत ओपिएटची चाळणीची पातळी ३०० नॅनोग्रॅम होती, ती १९९८ मध्ये २००० केली. खसखस हे त्याचं एक मोठं कारण होतं. आपल्याकडे स्वस्त पट्ट्या अजून ३०० वर चालतात. तुमच्या रिपोर्टवर पातळी लिहिलेली आहे का ते बघा.

युनियन_प्रतिनिधी

मूळ विषयावर येऊ. एचआर ताई, राजीनाम्याचं नाव काढू नका. गेटवर बसवून, "सही कर नाहीतर पोलिसात देतो" म्हणून घेतलेला राजीनामा कोर्टात टिकत नाही, आणि कामगाराने दुसऱ्या दिवशी लेखी पत्र दिलं की "दबावाने घेतला", तर कंपनीच अडचणीत येते.

दुसरं. त्या दिवशी फक्त त्याचीच तपासणी झाली की सगळ्यांची? आमच्याकडे दोन ठिकाणी असं पाहिलंय, मागणीपत्र दिलं की नेमकी युनियनच्या माणसांची "रँडम" तपासणी सुरू होते.

एचआर_चाकण

त्या दिवशी पहिल्या पाळीच्या ११ जणांची झाली. टोकन नंबरच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, रजिस्टरवर दोघांच्या सह्या आहेत. तो सोडून सगळे शून्य.

कामगार_कायदा_नांदेड

चिठ्ठ्यांचं रजिस्टर आहे हे उत्तम झालं. ते नीट जपा, निवड पक्षपाती नव्हती हे तेच सांगेल.

आता कायद्याची बाजू. आधी एक फरक समजून घ्या, कारण इथेच निम्म्या केसेस पडतात. "दारूच्या नशेत असणे" आणि "अंगात अल्कोहोल असताना कामावर येणे" हे दोन वेगळे आरोप आहेत. बहुतेक स्थायी आदेशांत नशेत असणं हे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं. ४२ चा आकडा एकट्याने नशा सिद्ध करत नाही. माणूस सरळ चालत होता, बोलणं नीट होतं, तर नशेचा आरोप ढिला पडतो. म्हणून आरोप असा लिहा: अमुक तारखेला, अमुक वेळेला, कंपनीच्या अमुक दिनांकाच्या नोटिशीतील मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल शरीरात असताना क्रेन चालवण्याच्या कामासाठी हजर झाला, आणि त्यामुळे कायदेशीर व वाजवी आदेशाचा भंग केला. नशेचा आरोप तुमच्याकडे निरीक्षण असेल तरच जोडा.

त्यासाठी ती नोटीस त्याला माहीत असायला हवी. मराठीत लावली होती का? त्याची पोच आहे का? इंग्रजी पॉलिसी इंट्रानेटवर टाकून "सगळ्यांना कळवलं" म्हणता येत नाही. तो प्रेस शॉपमध्ये काम करतो, त्याला लॅपटॉप नाही.

एचआर_चाकण

नोटीस मराठीत आहे, बोर्डावर गेल्या वर्षापासून. दोन वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर त्याची सही आहे, पण त्या प्रशिक्षणात मर्यादेचा आकडा नव्हता. निरीक्षण म्हणाल तर गार्डच्या रजिस्टरमध्ये एवढंच आहे: "तोंडाला वास, डोळे लाल."

कामगार_कायदा_नांदेड

"तोंडाला वास, डोळे लाल" एवढ्यावर उभं राहू नका. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच बच्चूभाई करियानी यांच्या खटल्यात म्हटलं, की नुसता वास, डगमगती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यावरून माणूस दारू प्यायला होता असं ठरवता येत नाही. तो फौजदारी खटला होता. खात्यांतर्गत चौकशीत पुरावा इतका कडक लागत नाही, पण युनियनचा वकील तो निकाल नक्की काढतो. तुमची ताकद दोन वाचनं आणि त्यांच्या मधली २१ मिनिटं यात आहे. ते कागद पक्के करा.

सुरक्षा_अधिकारी_तळेगाव

माझं मत स्पष्ट आहे. १० टनाचा कॉइल डोक्यावरून जातो, तिथे ४२ काय आणि ५ काय. विमानात पायलटला शून्यच लागतं. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आला की तीन महिने परवाना निलंबित. क्रेनसाठीही तेच हवं. पगारातून दंड कापा, म्हणजे बाकीच्यांना कळेल.

कारखाना_वैद्य

विमान क्षेत्राचं उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच. तिथेही पहिलं वाचन अंतिम नसतं. १५ ते २० मिनिटांनी दुसरं होतं, मधे तोंड धुवायला लावतात आणि मशीनची नियंत्रण चाचणी करतात. मुळात तिथे शिक्षा नियामक संस्थेच्या नियमातून येते. तुमच्या शॉपमध्ये ती कंपनीच्या स्वतःच्या स्थायी आदेशातून आली पाहिजे.

कामगार_कायदा_नांदेड

दंडाचं मात्र सोडून द्या साहेब. महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड लावता येत नाही, तोही आधी जाहीर केलेल्या कृतींसाठीच, आणि कामगाराला कारण दाखवायची संधी देऊनच. "एक हजार रुपये कापले" अशी पावती म्हणजे तक्रारीला आयतं आमंत्रण.

शून्य मर्यादा ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. मोटार वाहन कायद्यातले ३० हे रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी आहेत, गेटसाठी नाहीत. पण शून्य लिहिलं तर मशीनच्या चुकीच्या टप्प्यात येणारे ४-५ चे आकडेही भंग ठरतात, आणि मग तुम्ही अरिष्टवाल्यांच्या चौकश्या करत बसाल. माझ्या मते नियम शून्याचा ठेवा, कारवाईची रेष २० वर ठेवा, आणि २० च्या खाली फक्त त्या दिवशी धोक्याच्या कामावर न लावणं एवढंच.

सुरक्षा_अधिकारी_तळेगाव

२० ची रेष मला मान्य नाही. रेष ठेवली की लोक रेषेखाली राहायचा हिशेब करतात.

एचआर_चाकण

मर्यादेचा मुद्दा मी पॉलिसी बदलताना घेते. आत्ताच्या केसमध्ये पायऱ्या सांगाल का? त्याला निलंबित करायचं का?

कामगार_कायदा_नांदेड

चौकशीपर्यंत निलंबन करता येतं, बंधन नाही. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार निलंबन असेल तर चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची असते. पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो, आणि उशीर त्याच्यामुळे झाला नसेल तर नंतर ७५ टक्के. चौदा वर्षांच्या माणसाला क्रेनऐवजी स्टोअरमध्ये बसवता येत असेल तर निलंबनाची गरजच नाही. पगार देणारच आहात, काम तरी होईल.

पाळीच्या दिवशी घरी पाठवलं तो दिवस "निलंबन" म्हणून लिहू नका. रजेत टाका किंवा बिनपगारी अनुपस्थिती कशी लावली हे लेखी कळवा. रिक्षाने पाठवलं हे चांगलं केलं, रिक्षाची पावती फाइलला लावा. तो स्वतःच्या मोटारसायकलने गेला असता आणि नाशिक फाट्यावर काही झालं असतं, तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला गेला असता.

नंतर चार्जशीट मराठीत द्या, उत्तराला किमान तीन दिवस. चौकशी अधिकारी असा हवा, जो त्या सकाळी गेटवर नव्हता. आणि हे विसरू नका: मशीन हाताळणारा गार्ड साक्षीला आलाच पाहिजे. नुसती प्रिंट लावली तर उलटतपासणी कुणाची घ्यायची? गार्ड एजन्सीचा असतो, सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. त्याचा जबाब, कायमचा पत्ता आणि एजन्सीचं पत्र आजच घ्या.

गेट_सुपरवायझर

प्रिंटचं मी सांगतो. ती थर्मल कागदावर असते. उन्हात, नाहीतर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये राहिली की काही महिन्यांत कोरी होते. आमच्याकडे रजिस्टरला चिकटवलेल्या जुन्या चिठ्ठ्या पांढऱ्या झाल्यात. त्याच दिवशी झेरॉक्स काढून तिच्यावर त्याची, गार्डची आणि एका साक्षीदाराची सही घ्या. सही नाकारली तर "नाकारली" असं लिहून दोघांनी सही करायची.

युनियन_प्रतिनिधी

हे बरोबर. आणि ताई, रिझल्ट शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तुमच्या सुपरवायझरने टाकला असेल तर आधी काढायला लावा. माणसाची आयुष्यभराची अब्रू त्यात जाते, आणि चौकशीआधीच शिक्षा झाली असं आम्ही म्हणणार, ते खरंही असेल.

एचआर_चाकण

ग्रुपवर आलं होतं. सकाळीच काढायला लावलं.

आता एक वाईट बातमी. मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बघितलं. त्याची मुदत चाचणीच्या ११ दिवस आधी संपली होती. शिवाय मशीनचं घड्याळ ९ मिनिटं पुढे आहे.

कारखाना_वैद्य

घड्याळाचं फारसं बिघडत नाही. दोन्ही वाचनं एकाच घड्याळावर आहेत, मधलं अंतर तेच राहतं. फरक आज कागदावर नोंदवा, पण जुन्या प्रिंटवर पेनने दुरुस्ती करू नका.

कॅलिब्रेशनचं असं आहे: मशीनमधला अल्कोहोल मोजणारा फ्युएल सेल हळूहळू सरकतो, मुदतीच्या दुसऱ्या दिवशी तो खोटा ठरत नाही. मशीनला हात न लावता ते आहे तसं कॅलिब्रेशन करणाऱ्याकडे पाठवा आणि सांगा, "समायोजन करण्याआधी प्रमाणित वायूवर काय वाचतं, ते आधी लिहून द्या." समायोजन आधी केलं तर पुरावा कायमचा गेला. बरेच जण इथेच चुकतात. सेल जुना झाला की वाचन बहुधा खाली जातं, वर क्वचित, म्हणून ती नोंद तुमच्या बाजूनेही येऊ शकते. शिवाय बाकीच्या दहा जणांचं शून्य आलं होतं, म्हणजे मशीन मोकळ्या हवेत उगाच आकडा दाखवत नव्हतं.

कामगार_कायदा_नांदेड

डॉक्टरांचं शास्त्र मान्य, पण कागदावर ही फट राहणार. आणि ती लपवू नका. सर्टिफिकेट दस्तऐवजांच्या यादीत घाला, समायोजनाआधीचा अहवालही घाला. उलटतपासणीत ते बाहेर आलं तर तुमच्या सगळ्या साक्षीवरचा विश्वास जातो.

याचा परिणाम शिक्षेवरही व्हायला हवा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या एका ड्रायव्हरची केस होती. दारूच्या अमलाखाली जवानांचा ट्रक चालवला, अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं की अपघात किरकोळ होता म्हणून हे गैरवर्तन किरकोळ ठरत नाही. तरीही २५ वर्षांची सेवा बघून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती केली. तुमच्याकडे अपघात नाही, रेकॉर्ड स्वच्छ आहे, मर्यादेचा आकडा त्याला कळवल्याचा भक्कम पुरावा नाही आणि सर्टिफिकेटची मुदत संपलेली आहे. इथे बडतर्फी प्रमाणाबाहेर ठरेल. लेखी ताकीद, स्थायी आदेशात असेल तितकं, म्हणजे साधारण चार दिवसांपर्यंतचं शिक्षेचं निलंबन, आणि ठरावीक काळ क्रेनऐवजी दुसरं काम, इतपत टिकेल.

युनियन_प्रतिनिधी

आणि तपासणी? "सहा महिने रोज फुंकायचं" असं लावणार असाल तर लेखी संमतीने, मुदतीसह. नाहीतर तीही शिक्षाच आहे. व्यसन असेल तर मुक्तांगणसारख्या ठिकाणी पाठवा, उपचाराच्या दिवसांची रजा आधी ठरवा.

कारखाना_वैद्य

व्यसन आहे का हे एका वाचनावरून कळत नाही, म्हणून त्याच्याशी मी आधी एकट्याने बोलेन. ते बोलणं चौकशीच्या फाइलमध्ये जाणार नाही, हेही त्याला आधी सांगायचं.

सुरक्षा_अधिकारी_तळेगाव

ताकीद देऊन त्याच क्रेनवर परत? मी सही करणार नाही.

कामगार_कायदा_नांदेड

सही करू नका. "क्रेनसाठी योग्य" हा दाखला डॉक्टरांनी द्यायचा आहे, शिक्षा व्यवस्थापनाने. दोन्ही एका कागदावर आणले की गोंधळ होतो.

एचआर_चाकण

मशीन आज सीलबंद करून कॅलिब्रेशनला पाठवलं, समायोजनाआधीची नोंद मागितली आहे. गार्डचा जबाब झाला. प्लांट हेडना राजीनाम्याऐवजी चार्जशीटचा मसुदा दिला. "नशेत" हा शब्द त्यांनी पेनने परत घातला होता, मी खोडला. अहवाल आला की इथेच टाकते.